चार्ज देण्याचा दिवस

ताईंनी राजीनामा दिला त्या दुपारी एका माणसाने फाटकावर डोकं आपटलं. स्वतःचंच. त्याची बायको आत होती आणि ती बाहेर येत नव्हती, म्हणून तो लोखंडावर कपाळ मारून घेत होता. रक्त डोळ्यांत उतरलं की बाहीने पुसायचा आणि परत आपटायचा. फाटकावरचे मामा खुर्चीवरून उठले, आतून बादली आणली आणि त्याची शक्ती संपायची वाट पाहत उभे राहिले. तो गेल्यावर त्यांनी फाटक धुतलं.

ताई आत टेबलाशी बसून राजीनाम्याची प्रत फाईलला लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. या घरात असे आवाज होतच असत.

घर म्हणजे मार खाऊन पळालेल्या बायकांचं घर. एका संस्थेचं होतं. बाहेर पाटी नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्याला हे घर शिकवणी वर्ग नाहीतर गोदाम वाटावं. बाहेर फाटक, मग चार पावलं मोकळी जागा, मग आतलं लोखंडी दार. फाटक उघडं असेल तेव्हा आतलं दार बंद, आतलं उघडायचं तर आधी फाटक बंद. हा नियम ताईंनीच घालून दिलेला. दूध आलं तरी, डॉक्टर आले तरी, संस्थेचे अध्यक्ष आले तरी. अध्यक्ष एकदा त्या मोकळ्या जागेत उन्हात उभे राहून घामाघूम झाले होते आणि मामा किल्ली शोधत होते. ताईंनी माफी मागितली नव्हती.

आसपासच्या काही नवऱ्यांना पत्ता सापडतोच. कोणीतरी पाहतं, कोणीतरी सांगतं. त्यांचं ओरडणं, दगड मारणं सांभाळता येतं, पोलीस त्यांना ओळखतात. पण काही बायका लांबून आणलेल्या असतात, आणि त्यांच्या माणसांना घर कुठे आहे हे कळता कामा नये. संस्थेच्या पत्रावर म्हणूनच नुसता टपालपेटीचा क्रमांक असे, पत्ता कधीच नसे.

त्या वेळी घरात अशी एकच बाई होती. ती शिवणकाम करायची, म्हणून सगळ्या तिला शिवणवाली म्हणत. नवरा टेम्पो चालवायचा. त्याने तिचा जबडा टायरच्या पान्याने मोडला होता. आली तेव्हा तोंड तारेने बांधलेलं होतं आणि ती नळीने पातळ खात होती. तार निघाल्यावर पहिलं वाक्य तिने काय बोलावं, तर मशीनला तेल आहे का. त्यानंतर घरातले सगळे पडदे, उशा, पोरींचे गणवेश तिच्या हातून गेले. कोर्टात तिची केस चालू होती. तारखेला ती दुसऱ्या वाटेने, पोलिसांच्या गाडीतून जायची आणि तशीच परत यायची. कोर्टात नवऱ्याने एकदाच तोंड उघडलं होतं. न्यायाधीशांसमोर हात जोडून तो म्हणाला होता की साहेब, मला फक्त तिला एकदा भेटायचंय. ते ऐकून शिवणवालीने बाकावरच लघवी केली होती. ही गोष्ट तिने ताईंना सोडून कोणाला सांगितली नव्हती.

ताई निघाल्या होत्या त्या मोठ्या कामासाठी. एका प्रशिक्षण संस्थेत, अशी घरं कशी चालवायची ते इतरांना शिकवायला. महिनाभराची नोटीस होती आणि ती त्यांनी कागदावर आखून काढली. पहिला आठवडा लिहिण्याचा. दुसऱ्यात नव्या बाईने सोबत राहून बघायचं. तिसऱ्यात नव्या बाईने काम करायचं आणि ताईंनी बघायचं. चौथ्यात फक्त विचारलं तर सांगायचं. नवं काही सुरू करायचं नाही, जे अर्धं आहे ते कुठवर आलंय ते लिहून ठेवायचं. सचिवांनी हा आराखडा बैठकीत वाचून दाखवला आणि म्हणाले, माणसाने जावं तर असं.

ताईंना ते वाक्य फार आवडलं. इतकी वर्षं शिव्या आणि दगडच वाट्याला आले होते. जाताना कोणी मागे वळून चांगलं म्हणावं, एवढी हौस कोणाला नसते? शिवाय निरोपाला प्रशिक्षण संस्थेच्या संचालिका येणार होत्या. त्यांनी हे घर बघावं आणि म्हणावं की योग्य माणूस निवडला, असं ताईंच्या मनात होतं.

त्यांची हँडओव्हरची फाईल देखणी झाली. रंगीत पट्ट्या, विषयवार भाग. किराणा, औषधं, शाळा, वकील, पोलीस, दुरुस्ती, प्रत्येक बाईचा इतिहास. कोणाला कोणत्या आवाजाने धडकी भरते, कोण जेवण लपवून ठेवते, कोणाला मागून हात लावायचा नाही. खोटं काही नव्हतं, राहिलंही काही नव्हतं. सचिवांनी ती हातात घेऊन वजन करून पाहिलं आणि हसले.

नव्या बाई आल्या दुसऱ्या आठवड्यात. आधी इस्पितळात, अपघात विभागात परिचारिका होत्या. कमी बोलायच्या. फाईल दोन दिवस वाचली आणि मग विचारलं की पहिलं पान कुठाय.

ताईंनी अनुक्रमणिका दाखवली.

ते नाही, नव्या बाई म्हणाल्या. त्यांच्या विभागात पाळी बदलताना आधी एवढंच सांगायचे, आज कोण मरू शकतं आणि कशाने. बाकीचं नंतर. इथे तसं पान हवं. आत्ता दारात कोण येऊ शकतो, तो दिसतो कसा, आला तर कोणाला लपवायचं, कोणाला फोन.

ताई म्हणाल्या की ते सगळं फाईलमध्ये आहे, पोलिसांच्या भागात. नव्या बाईंनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या भागातून शिवणवालीच्या नवऱ्याचा फोटो काढला आणि फाटकाच्या चौकीत आतल्या बाजूने चिकटवला. ताईंना ते टोचलं. फाईलमध्ये त्या पानावर पोकळी राहिली होती.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरात दोघी भांडल्या. कारण कणीक कोणी सैल भिजवली एवढंच. एकीने दुसरीच्या डोक्यात झाकण घातलं, दुसरीने तिच्या दंडाचा चावा घेतला आणि सोडेचना. स्वयंपाकाच्या मावशी गरम उलथनं हातात धरून दोघींना शिव्या घालत होत्या आणि मध्ये कोणी पडत नव्हतं. नव्या बाईंनी चावणारीचं नाक दाबलं. श्वासासाठी तोंड उघडलं तशी पकड सुटली. मग त्यांनी जखम धुतली, दुसरीच्या डोक्याला टाके पडतील का ते पाहिलं, आणि दोघींना एकाच बाकावर बसवून पाणी दिलं. मावशी म्हणाल्या, "ही बाई आपल्यातली आहे. ताई असत्या तर आधी भाषण झालं असतं."

ते ताईंनी ऐकलं आणि हसण्यावारी नेलं.

तिसऱ्या आठवड्यात काम नव्या बाईंचं आणि बघणं ताईंचं होतं. एका संध्याकाळी घरातल्या एका बाईचा दीर पट्टा घेऊन आला आणि फाटकाच्या गजांवर सपासप मारू लागला. बक्कल गजावर आदळून ठिणगी उडे. मामा मागे सरले. नव्या बाई गजापासून हातभर लांब उभ्या राहिल्या आणि सपाट आवाजात एकच गोष्ट परत परत सांगू लागल्या, की पोलिसांना फोन झालाय, गाडी येतेय, तुम्ही जा. तो त्यांच्या आईबहिणीवरून बोलत होता. त्याने गजांतून पट्टा आत मारला, तो नव्या बाईंच्या कानाला लागला. रक्त आलं. त्या तिथेच उभ्या राहिल्या.

आणि ताईंना राहवलं नाही. शेवटच्या महिन्यात एकही प्रकार नोंदवावा लागू नये असं त्यांना वाटत होतं. त्या पुढे झाल्या, म्हणाल्या, "काय रे भाऊ, मला ओळखलंस ना? घरी जा, उद्या ये, आपण बोलू." तो ओळखत होता. पट्टा खाली आला. रडू लागला आणि गेला. आतल्या बायकांनी ताईंकडे देवाकडे बघावं तसं पाहिलं.

नव्या बाईंनी कानाला बोळा लावला आणि मग ताईंना बाजूला घेतलं. "तुम्ही पुढे आलात की तो तुम्हालाच ओळखतो. उद्या तो येणार तो तुमच्यासाठी येणार. तुम्ही नसाल तेव्हा मी काय करू, तुमचा फोटो दाखवू?"

ताई म्हणाल्या की माणूस मोडण्यापेक्षा वळवलेला बरा. नव्या बाई म्हणाल्या, बरं. या दोघींमध्ये भांडण असं झालं नाही, पण त्यानंतर चहा त्या वेगवेगळ्या वेळी घेऊ लागल्या.

मग निरोपाची तयारी सुरू झाली. चार्ज दिल्याचं बाहेरच्यांना कळवायचं असतं, म्हणजे उद्या कोणाशी बोलायचं ते त्यांना कळतं. पोलीस ठाणं, सरकारी इस्पितळ, शाळा, वकील, कोर्टातला मदत कक्ष. हे ताईंनी योग्यच ठरवलं. पण कळवण्याचा एक आणि निमंत्रणाचा एक अशा दोन कागदांऐवजी त्यांनी एक छान कागद केला. वरच्या भागात आभार, मध्ये नव्या अधीक्षिकांची ओळख, खाली अमुक दिवशी दुपारी चारला चार्ज देण्याचा छोटा समारंभ, आपण यावं. आणि येणाऱ्यांना वाट चुकू नये म्हणून सगळ्यात खाली पत्ता छापला, खुणेसह.

छापून आलेला गठ्ठा बघून नव्या बाईंनी वरचं पत्र उचललं. विचारलं, "यावर पत्ता लागतो का?"

"सगळे आपलेच लोक आहेत," ताई म्हणाल्या. "त्यांना पत्ता माहीतच आहे. पण संचालिका पहिल्यांदा येतायत."

"मग त्यांना फोनवर सांगू."

"पाकिटं बंद झालीत." खरं तर झाली नव्हती.

नव्या बाईंनी पत्र परत गठ्ठ्यावर ठेवलं. अजून चार्ज त्यांच्याकडे आला नव्हता.

कोर्टाच्या मदत कक्षातल्या कारकुनाला ताईंबद्दल फार आदर होता. त्याने ते पत्र कौतुकाने कक्षाबाहेरच्या फळ्यावर लावलं, टाचण्या मारून, सरळ. त्या फळ्यासमोरच्या बाकावर टेम्पोवाला दर तारखेला बसायचा. वाचायला त्याला दुसरं काही नसायचं.

समारंभाच्या दिवशी ताईंनी नियम जरा सैल केला. पाहुणे एकेक करून येत होते, प्रत्येकाला त्या मोकळ्या जागेत कोंडून ठेवणं बरं दिसेना. फाटकाला वीट लावली, आतल्या दाराला स्टूल लावलं. मामांनी तोंड वाकडं केलं. ताई म्हणाल्या की मामा, आज तुमचाही सत्कार आहे, तुम्ही पुढच्या रांगेत बसायचं. मामांचा नवा शर्ट त्यांनीच आणला होता. मग फाटकावर कोण? संस्थेत मदतीला येणारी एक कॉलेजची मुलगी उभी केली. हसून पाणी द्यायला. तिने चौकीतला फोटो पाहिला होता की नाही, पुढे तिला स्वतःलाच आठवेना.

नव्या बाई म्हणाल्या की मी फाटकावर उभी राहते. ताईंनी त्यांचा हात धरून खुर्चीवर बसवलं. "तुमची ओळख करून द्यायचीय. तुम्हीच नसलात तर चार्ज देऊ कोणाला?"

खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या आणि त्या उशिरा आल्या. दोन माणसं खुर्च्यांच्या थप्प्या डोक्यावर घेऊन येत-जात होती. तिसरा कधी त्यांच्यात मिसळला ते कोणी पाहिलं नाही. डोक्यावर खुर्च्या असलेल्या माणसाचं तोंड कोणी बघत नाही. त्याने त्या मुलीला नम्रपणे विचारलं की मॅडम, जास्तीच्या खुर्च्या शिवणखोलीत ठेवायला सांगितल्यात, ती कुठाय. मुलीने बोट दाखवलं, डावीकडे, शेवटची.

शिवणवाली समारंभाला बसली नव्हती. अनोळखी माणसं आली की ती खोलीत जाऊन मशीन चालवायची. त्या दिवशी ती इस्त्री करत होती. टेबलावर पोरींचे फ्रॉक होते.

हॉलमध्ये माईक लावला होता. संचालिका बोलल्या, मग फौजदार बाई बोलल्या, मग सचिवांनी ती फाईल उंच धरून दाखवली आणि टाळ्या झाल्या. माईक मधेच किंचाळत होता, त्यामुळे दुसरी किंकाळी कोणाला वेगळी वाटली नाही.

त्याने आत शिरून कडी लावली होती. पाना पोटाशी खोचलेला होता. पहिला घाव त्याने डोक्यावर घातला, पण ती वळली आणि तो कानामागे लागला, कातडी सोलली. दुसरा तिने हाताने अडवला. डावा हात टेबलावर होता, त्यावर तिसरा बसला आणि बोटांचा आवाज झाला. तो काही बोलत नव्हता. पुढे तिने सांगितलं की हेच सगळ्यात भयंकर होतं. घरी मारताना तो निदान बोलायचा.

नव्या बाईंना हॉलच्या दारातून बोळ दिसत होता. बोळात खुर्च्यांची एक थप्पी होती, कोणीतरी अर्ध्यात टाकलेली, कलंडलेली. एवढ्या खुर्च्या कमी पडत असताना त्या इथे कशा, एवढाच विचार त्यांच्या मनात आला. त्या उठल्या. सचिव त्यांचं नाव घेऊन पुढे बोलावत होते. त्या चालत निघाल्या आणि बोळात पोचल्यावर धावल्या.

दार आतून बंद होतं. त्यांनी खांदा मारला. ओरडल्या नाहीत, हॉलकडे वळून एकदाच म्हणाल्या, "मामा." त्या आवाजाने मामा नव्या शर्टासकट उठले. ताईही उठल्या. स्वयंपाकाच्या मावशींनी बोळातलं लाकडी बाक उचललं, तिघांनी ते दारावर आदळलं. दुसऱ्या धडकेला कडी उचकटली.

आत शिवणवाली टेबलाखाली होती आणि तो तिला पायाला धरून ओढत होता. टेबलाची कड रक्ताने ओली होती. ताई सगळ्यांच्या पुढे होत्या. त्यांनी हात पसरले आणि म्हणाल्या, "भाऊ, थांब. माझं ऐक."

त्याने वळून पाना फिरवला. ताईंच्या खांद्यापाशी, गळ्याच्या हाडावर बसला. हाड मोडल्याचं त्यांना आधी ऐकू आलं, मग कळ आली. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. दुसरा घाव त्यांच्या डोक्यावर येणार होता. मामांनी त्याचा हात धरला, तर त्याने मामांच्या तोंडावर डोकं मारलं. मामांचे दोन दात तिथेच फरशीवर पडले.

त्याने तिचा पाय सोडला होता, तेवढं शिवणवालीला पुरलं. ती उठली, उजव्या हाताने इस्त्री उचलली आणि त्याच्या मानेवर, कानाखाली टेकवली. मारली नाही, टेकवली, आणि दाबून धरली, जशी कॉलरवर धरतात. कातडीचा चर्र आवाज झाला, वास सुटला. तो ओरडला, पाना पडला. नव्या बाईंनी पाना पायाने टेबलाखाली ढकलला, त्याचा अंगठा उलटा वळवून त्याला पालथा पाडला आणि गुडघा पाठीवर रोवला. मावशी त्याच्या पायांवर बसल्या. मावशी अंगाने भरभक्कम होत्या. नंतर त्या म्हणत, आयुष्यात पहिल्यांदा वजनाचा उपयोग झाला.

"इस्त्री खाली ठेव," नव्या बाई शिवणवालीला म्हणाल्या. "बटण बंद कर. माझ्याकडे बघ. हात वर धर, काळजापेक्षा वर."

शिवणवालीने बटण बंद केलं. मग हात वर धरला. दोन बोटं नीट नव्हती.

फौजदार बाई हातात खाण्याची बशी घेऊनच आल्या होत्या. बशी त्यांनी खिडकीत ठेवली आणि बेड्या काढल्या.

जखमींची रात्र इस्पितळात गेली. शिवणवाली वाचली. कानामागे टाके पडले, डाव्या हाताची दोन बोटं वाचवता आली नाहीत. ताईंचा हात गळ्यात आला. मामांचं तोंड इतकं सुजलं की ते बोलायचा प्रयत्न करत आणि कोणालाच काही कळत नसे. टेम्पोवाल्याच्या मानेवर इस्त्रीचं टोक उठलं होतं, पक्कं. पोलिसांनी विचारलं की पत्ता कुठून मिळाला, तर त्याने खिशातून पत्र काढून दिलं. फळ्यावरून टाचण्या काढून घडी घालून आणलेलं.

सकाळी सचिव इस्पितळात आले. त्यांच्या हातात दोन कागद होते. एक ताईंचं कार्यमुक्तीचं पत्र, तारीख कालचीच. दुसरा घटनेचा अहवाल, त्यांनीच लिहिलेला. त्यात होतं की समारंभाच्या वेळी एक बाहेरचा इसम खुर्च्यांच्या मिषाने शिरला. पत्राचा उल्लेख नव्हता, विटेचा नव्हता. सचिव समजुतीने म्हणाले की ताई, एवढ्या वर्षांच्या कामावर शेवटच्या तासाचा डाग कशाला. संचालिकांनी सगळं पाहिलंय, त्यांचं मत अजून चांगलंच आहे, तुम्ही कशा पुढे झालात ते त्यांनी पाहिलं. तिकडे रुजू व्हा, अहवाल मी बघतो.

ताईंना ते हवं होतं. खोटं कशाला बोला. मोडलेलं हाड ठणकत होतं आणि समोर एक नीटनेटका कागद होता, ज्यावर त्या शूर होत्या. त्यांनी तो दोनदा वाचला. शेजारच्या खाटेवर शिवणवाली झोपेच्या औषधात होती आणि तिचा उजवा हात पांघरुणावर कापड सरकवल्यासारखा हलत होता.

ताईंनी सचिवांकडून कोरा कागद मागितला. उजवा हात शाबूत होता. फार लिहिलं नाही. अर्ध्या पानात संपवलं. मी निमंत्रणावर पत्ता छापला. नव्या अधीक्षिकांनी हरकत घेतली होती, मी ऐकली नाही. पाकिटं बंद झाली असं मी खोटं सांगितलं. दोन्ही दारं मी एकाच वेळी उघडी ठेवली. मामांना मी फाटकावरून उठवलं. या घराचा पत्ता आता बाहेर गेलेला आहे, सबब इथे लपवण्यासारख्या कोणालाही आजपासून ठेवू नये. हे फाईलचं पहिलं पान समजावं. खाली सही.

सचिव म्हणाले, "संचालिकांना हे दाखवावं लागेल."

"दाखवा."

दुपारी सचिवांनीच ताईंना गाडीतून त्यांच्या घरी न्यायचं ठरवलं, पण ताईंनी आधी संस्थेच्या घराकडे चला म्हटलं. फाटकाशी कुलूपवाला बसून जुनं कुलूप कापत होता. ठिणग्या उडत होत्या. नव्या बाई त्याच्यापाशी उभ्या होत्या. कानावरची पट्टी अजून होती, त्यावर काल उडालेलं रक्त वाळलेलं होतं. त्यांनी ताईंना बसायला चौकीतली खुर्ची दिली. आत या म्हणाल्या नाहीत.

ताईंनी कागद दिला. नव्या बाईंनी तो उभ्यानेच वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "हे पान चांगलं आहे. उपयोगी पडेल."

मग ताईंनी जे सांगायला आल्या होत्या ते सांगितलं. की त्या जात नाहीत. अजून महिनाभर राहतील, बिनपगारी राहतील, घर परत बसवून देतील. बायका घाबरल्या असतील, त्यांना ओळखीचं माणूस लागेल. हे बोलताना त्यांना स्वतःलाही कळलं की त्या परवानगी मागत आहेत.

नव्या बाईंनी कुलूपवाल्याला जरा थांबायला सांगितलं. "बायका घाबरल्या आहेत," त्या म्हणाल्या. "काल रात्री दोघी जमिनीवर माझ्या खाटेपाशी झोपल्या. तुम्ही राहिलात तर उद्या त्या तुमच्या खाटेपाशी झोपतील. महिन्याने परत हेच."

ताईंची नजर अर्ध्या कापलेल्या कुलपाकडे गेली.

"तुमच्या नोट्स मी पूर्ण वाचल्यात. त्यात सगळं आहे. खरंच आहे. आता मला त्या वापरू द्या."

ताईंनी मान हलवली. मग विचारलं की शिवणवालीला इस्पितळातून कुठे नेणार. दुसऱ्या घरात का? दूर का? तिथे मशीन आहे का? तीन बोटांनी कापड धरायला वेळ लागेल, तिला घाई करू देऊ नका.

"मशीन आहे," नव्या बाई म्हणाल्या. "कुठे ते तुम्हाला सांगता येणार नाही, ताई."

त्यात राग नव्हता. बाहेरच्या कोणालाही सांगतात तसं सांगितलं होतं. ताई खुर्चीवरून एका हाताच्या आधाराने उठल्या. नव्या बाईंनी त्यांना गाडीपर्यंत पोचवलं, दार उघडून दिलं, गळ्यातला हात कुठे आपटू नये म्हणून उशी सरकवली, आणि परत जाऊन कुलूपवाल्यापाशी उभ्या राहिल्या. त्याने नव्या किल्ल्या त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी त्या मोजून मूठ मिटली.

सचिव गाडी चालवत होते आणि त्यांना हे काही आवडलं नव्हतं. दोन वळणं गेल्यावर म्हणाले की ही बाई फार तुटक बोलते, इतक्या वर्षांच्या माणसाशी असं वागतात का. तुम्ही म्हणत असाल तर मी तिला बोलावून दोन शब्द सांगतो.

ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या.

"काही सांगू नका," त्या म्हणाल्या. "चार्ज दिलाय मी."